रजेचा अर्ज आणि कोरी तारीख

प्रश्न : ताई, नमस्कार. मी ३३ वर्षांची, कराडजवळच्या एका पतसंस्थेच्या शाखेत कॅशियर आहे. लग्नाला सात वर्षं झाली. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी आता आयव्हीएफ करायला सांगितलंय. जूनच्या पाळीपासून रोज इंजेक्शनं आणि मग भूल देऊन स्त्रीबीज काढणार. तारीख विचारली की डॉक्टर ‘बघू’ म्हणतात. शाखेत आम्ही सहाजण. साहेब वडीलधारे आहेत, त्यांच्यापुढे हा विषय कसा काढू? खोटं लिहवत नाही, आणि खरं लिहिलं तर संध्याकाळपर्यंत गावभर होईल. सरळ पंधरा दिवसांची रजा टाकू का? १९ अर्जित आणि ५ किरकोळ शिल्लक आहेत. अर्ज कसा लिहायचा ते सांगाल का?

उत्तर : पंधरा दिवस अजिबात टाकू नका. इंजेक्शनांसाठी रजा लागतच नाही. ती पोटाच्या चरबीत, बेंबीच्या आजूबाजूला, बारीक सुईने घ्यायची असतात, आणि बहुतेक ठिकाणी वेळ संध्याकाळची देतात. एकदा नर्सने दाखवलं की तुम्ही स्वतः घ्याल किंवा मिस्टर देतील. आठला इंजेक्शन असेल तर तुम्ही साडेसहाला शाखा बंद करून घरी पोचलेल्या असता. काही इंजेक्शनं फ्रिजमध्ये ठेवावी लागतात. ती घरच्या फ्रिजमध्येच राहू द्या, शाखेतल्या फ्रिजमध्ये नको.

रजा लागते ती सोनोग्राफीच्या सकाळी आणि बीज काढण्याच्या दिवशी. हे दोन्ही मिळून चार-पाच दिवसांच्या वर जात नाही. कसं, ते तुमच्याच जूनवर मांडून दाखवते.

धरा, पाळी १२ जूनला आली. १३ ला सकाळी कोल्हापूरला जायचं, सोनोग्राफी आणि बहुधा रक्ततपासणी, आणि सगळं ठीक असेल तर त्याच संध्याकाळी पहिलं इंजेक्शन. मग चार दिवस काहीच नाही, फक्त संध्याकाळचं इंजेक्शन. १८ ला पुन्हा सोनोग्राफी : अंडाशयात फॉलिकल, म्हणजे बीज ज्यात वाढतं त्या पाण्याच्या पिशव्या, किती आणि केवढ्या झाल्या ते बघतात. याच सुमारास दुसरं एक इंजेक्शन सुरू होतं, शरीराने आपणहून आधीच बीज सोडून देऊ नये म्हणून. मग एक दिवसाआड, २० ला आणि २२ ला. दोन-तीन फॉलिकल १७-१८ मिलिमीटरच्या झाल्या की डॉक्टर म्हणतात, ‘आज रात्री ट्रिगर’.

तुमच्या अर्जाची सगळी अडचण या ट्रिगरपाशी आहे, म्हणून इथे जरा थांबते. ट्रिगर हे एकच इंजेक्शन. ते घेतल्यावर बीज शेवटच्या टप्प्यातलं पिकतं. त्यानंतर साधारण ३४ ते ३६ तासांनी बीज काढतात. त्याआधी काढायला गेलं तर बीज पिशवीच्या भिंतीपासून सुटलेलं नसतं, आणि फार उशीर केला तर पिशव्या आपोआप फुटतात आणि हाती काही लागत नाही. २२ च्या रात्री दहाला ट्रिगर घेतला तर २४ च्या सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान तुम्ही टेबलावर असायला हव्यात. ‘साहेब म्हणतात परवा जा’ हे तिथे चालत नाही. डॉक्टर ‘बघू’ म्हणतात ते टोलवाटोलवी म्हणून नव्हे. पिशव्या किती वेगाने वाढतील ते १८ तारखेच्या आधी त्यांनाही सांगता येत नाही. कुणाचा दहाव्या दिवशी ट्रिगर होतो, कुणाचा बाराव्या. शिवाय पाळीच तीन दिवस उशिरा आली तर सगळंच तीन दिवस पुढे.

मी एका कंपनीच्या आस्थापना विभागात सत्तावीस वर्षं काढली. रजेचे अर्ज हाच माझा उद्योग. तिथे एका मुलीने याच कामासाठी ‘घरगुती कारण’ लिहून दोन दिवस मागितले. आमच्या साहेबांनी वर शेरा मारला, ‘गुरुवारऐवजी शुक्रवार घ्यावी.’ साहेबांचंही चुकलं नव्हतं, घरगुती कारण शुक्रवारवर ढकलता येतं. ती माझ्या टेबलापाशी येऊन नुसती उभी राहिली. आदल्या रात्री ट्रिगर घेऊन बसलेली. मी शेरा बदलून घेतला, पण तेव्हापासून एक मनाशी धरलं : अशा अर्जात आजाराचं नाव नसलं तरी चालेल, पण दिवस आधी ठरत नाही आणि ठरल्यावर हलत नाही ही दोन वाक्यं हवीतच. साहेबांना निर्णय घ्यायला एवढंच लागतं. बाकीचं कुतूहल.

आता शब्दांचं. खोटं लिहायची गरज नाही, कारण खरं बोलायला मधली जागा भरपूर आहे. ‘स्त्रीरोगतज्ज्ञांचे उपचार’ हे खरं आहे. ‘भूल देऊन छोटी शस्त्रक्रिया’ हेही खरं आहे. दवाखान्यात तिला ‘पिकअप’ म्हणतात. योनीमार्गातून सोनोग्राफीच्या आधाराने सुई घालून बीज ओढून घेतात, टाके नाहीत, वीस-तीस मिनिटांचं काम, संध्याकाळपर्यंत घरी. तरी भूल असते, उपाशीपोटी जावं लागतं, सोबत माणूस लागतो, म्हणजे शस्त्रक्रियाच. पंचावन्न वर्षांचे साहेब ‘स्त्रीरोग’ एवढा शब्द वाचून पुढचं विचारणार नाहीत, हा माझा अनुभव. ती पिढी त्या शब्दाला घाबरते. आपल्या दृष्टीने बरंच आहे.

पण ‘अपेंडिक्स’ वगैरे लिहू नका. सहाजणांच्या शाखेत अपेंडिक्स झालेल्या बाईकडे चौथ्या दिवशी सगळा स्टाफ मोसंबी घेऊन येतो.

गावभर होतं ते साहेबांमुळे नव्हे, आवक रजिस्टरमुळे. अर्ज दिला की लिपिक त्याचा विषय रजिस्टरात उतरवून घेतो, आणि ते रजिस्टर काउंटरवर उघडं असतं. म्हणून विषयाच्या ओळीत ‘वैद्यकीय कारणास्तव’ याच्यापुढे एक अक्षर नको. उपचाराचा उल्लेख आतल्या मजकुरात, आणि अर्ज बंद पाकिटातून साहेबांच्या हातात. देण्याआधी दोन मिनिटं मागून तोंडी एवढंच सांगा : ‘साहेब, माझे दवाखान्याचे उपचार सुरू होतायत. अर्जात लिहिलंय. तारीख दोन दिवस आधीच कळणार आहे, म्हणून आत्ताच कानावर घालते.’

अर्ज असा :

---

प्रति,
मा. शाखाधिकारी साहेब,

विषय : वैद्यकीय कारणास्तव रजा मिळणेबाबत

महोदय,

माझ्यावर जून महिन्यात स्त्रीरोगतज्ज्ञांचे उपचार सुरू होत आहेत. त्यात साधारण दहा ते बारा दिवस औषधे असून शेवटी भूल देऊन एक छोटी शस्त्रक्रिया आहे. औषधे चालू असताना मी नेहमीप्रमाणे कामावर येणार आहे.

या काळात चार ते पाच वेळा सकाळी तपासणीसाठी कोल्हापूर येथे जावे लागेल. त्या दिवशी अर्धा दिवस किरकोळ रजा मंजूर व्हावी. मी दुपारी १ वाजेपर्यंत शाखेत हजर होईन. पहिली तपासणी १२ ते १६ जूनच्या दरम्यान आहे. ती आदल्या दिवशी कळवीन. पुढच्या प्रत्येक तपासणीचा दिवस आधीच्या तपासणीत कळेल व तो मी लगेच कळवीन.

शस्त्रक्रिया अंदाजे २२ ते ३० जूनच्या दरम्यान होईल. औषधांचा परिणाम पाहून डॉक्टर दिवस ठरवतील व तो मला सुमारे दोन दिवस आधी समजेल. एकदा ठरलेला दिवस वैद्यकीय कारणामुळे पुढे-मागे करता येत नाही. शस्त्रक्रियेचा दिवस व त्यानंतरचे दोन दिवस अशी एकूण तीन दिवस अर्जित रजा मंजूर व्हावी. प्रकृतीनुसार डॉक्टरांनी अधिक विश्रांती सांगितल्यास तसे कळवून रजा वाढवून घेईन. रजा न लागल्यास ती रद्द करून कामावर हजर राहीन.

माझ्या अनुपस्थितीत रोकड व तिजोरीची किल्ली ज्यांच्याकडे द्यायची त्यांचे नाव आपण आधी ठरवून दिल्यास शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी कामकाज संपताना मोजदाद करून रीतसर ताबा देईन.

डॉक्टरांचे प्रमाणपत्र शस्त्रक्रियेनंतर सादर करीन. कारण वैयक्तिक असल्याने ते आपल्यापुरतेच ठेवावे, ही विनंती.

आपली विश्वासू,

---

किल्लीचा परिच्छेद मुद्दाम घातलाय. साहेबांच्या डोक्यात तुमचं पोट नसतं, तिजोरी असते. दुसऱ्या किल्लीचं काय, हे तुम्हीच आधी लिहिलंत की अर्ज निम्मा मंजूर झाला समजा. आणि वेळही नेमकी जुळते. वरच्या हिशोबात २२ च्या सकाळच्या सोनोग्राफीत ट्रिगर ठरला, रात्री दहाला तो घेतला, मग मधला २३ तारखेचा दिवस मोकळा मिळतो. त्या दिवशी बहुधा इंजेक्शन नसतं, सोनोग्राफी नसते. पोट फुगल्यासारखं, जड वाटेल, पण कामावर जाता येतं. संध्याकाळी रोकड मोजा, ताबा द्या, रजिस्टरवर सह्या घ्या, घरी जा आणि दवाखान्याने सांगितलेल्या वेळेपासून उपाशी राहा. फक्त त्या शेवटच्या चार-पाच दिवसांत नाण्यांच्या पिशव्या उचलू नका. अंडाशयं मोठी झालेली असतात आणि जोराच्या हालचालीने पिळ बसायची शक्यता असते. ते काम शिपाईमामांना सांगा, कंबर दुखते म्हणा. तेवढं चालेल.

२२ च्या दुपारी साहेबांना एक निरोप पाठवा, आधीच लिहून ठेवलेला : ‘साहेब, अर्जात कळवलेली माझी शस्त्रक्रिया परवा, मंगळवारी सकाळी ठरली आहे. उद्या सोमवारी मी कामावर आहे, संध्याकाळी ताबा देईन. मंगळवार ते गुरुवार रजेवर.’ वार तुमचे घाला. ग्रुपवर टाकू नका, साहेबांना स्वतंत्र.

शस्त्रक्रियेनंतरचे दोन दिवस मागितलेत ते चैन म्हणून नव्हे. भुलीनंतर २४ तास गाडी चालवू नका, महत्त्वाच्या कागदावर सही करू नका असं दवाखान्यातच सांगतात. कॅशियरचा सगळा दिवस सह्या आणि मोजणीत जातो, म्हणजे दुसरा दिवस गेलाच. तिसरा दिवस पोटातल्या कळा आणि फुगीर पोटासाठी. बऱ्याचजणी तिसऱ्या दिवशी कामावर जातात. तुम्हालाही बरं वाटलं तर जा आणि एक रजा वाचवा.

आता हिशोब बघा. चार सकाळी म्हणजे दोन किरकोळ, आणि तीन अर्जित. तुमच्याकडे ३ किरकोळ आणि १६ अर्जित उरतात. त्या उरायलाच हव्यात. हे एकाच फेरीत संपेल असं कुणी लिहून देत नाही. शिवाय किरकोळ रजेला जोडून अर्जित चालत नाही असा नियम पुष्कळ संस्थांत असतो. इथे तो आड येत नाही, कारण मधे २३ तारखेला तुम्ही हजर आहात. तरी सेवानियमांची पुस्तिका एकदा बघून घ्या. अर्ध्या दिवसाची किरकोळ रजा तुमच्याकडे देतात का, तेही त्यातच असेल.

डॉक्टरांना जायच्या आधीच एक विचारा : गर्भ लगेच सोडणार की गोठवून पुढच्या महिन्यात? लगेच असेल तर पिकअपनंतर तिसऱ्या किंवा पाचव्या दिवशी पुन्हा जावं लागतं, आणि अर्जात आणखी एक दिवस घालावा लागेल. गोठवणार असतील तर तो वेगळा अर्ज, वेगळ्या महिन्यात. तेव्हाही आठ-आठ दिवस पलंगावर पडून राहण्यासाठी रजा टाकू नका. आडवं पडून राहिल्याने गर्भ रुजण्याची शक्यता वाढत नाही. शेजारणी काहीही सांगोत. दुसरं विचारा : मधल्या सोनोग्राफ्या कराडला करून रिपोर्ट पाठवला तर चालेल का? काही डॉक्टर हो म्हणतात, काहींना स्वतःच्या डोळ्यांनीच बघायचं असतं. हो म्हणाले तर दोन अर्ध्या रजा तिथेच वाचल्या.

‘अधिक विश्रांती’ आणि ‘रजा रद्द’ ही दोन्ही वाक्यं अर्जात का, तेही सांगते. फॉलिकल फारच कमी वाढल्या तर डॉक्टर मधेच फेरी थांबवतात. तेव्हा पिकअप होत नाही आणि तीन दिवसांची रजा उगाच खर्ची पडते. उलट फॉलिकल फार झाल्या तर पिकअपनंतरच्या आठवडाभरात अंडाशयं प्रमाणाबाहेर फुगायची भीती असते. थोडं फुगणं सगळ्यांनाच होतं. पण पोट दिवसागणिक घट्ट होत चाललं, एका दिवसात किलोभर वजन वाढलं, उलट्या थांबेनात, लघवी कमी झाली किंवा धाप लागली, तर शाखेत बसून वाट बघायची नाही. तडक डॉक्टरांना फोन. घरचा वजनकाटा पिकअपच्या आदल्या दिवशी बघून ठेवा, म्हणजे वाढ कळेल. अशा वेळी चार-सहा दिवस जादा लागू शकतात, आणि वाक्य आधीच अर्जात असलं की साहेबांना नवल वाटत नाही.

हक्काचं म्हणाल, तर १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यात यासाठी रजा नाही, आणि त्याच तरतुदी पुढे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आल्या तिथेही नाही. गर्भपात झाला तर सहा आठवडे आहेत, गरोदरपणातल्या आजाराला एक महिना आहे. २०१७ च्या दुरुस्तीने, जिचं बीज घेऊन दुसरीच्या पोटात गर्भ वाढवला जातो त्या आईलाही बारा आठवडे दिले. पण ते बीज काढायच्या दिवसासाठी एकही नाही! म्हणून अर्जात ‘प्रसूती रजा’ हा शब्द चुकूनही नको. तो पुढे, देवाच्या कृपेने, लागेल तेव्हा.

राहिलं प्रमाणपत्र. पुष्कळ केंद्रांच्या लेटरहेडवर वरच मोठ्या अक्षरात ‘टेस्ट ट्यूब बेबी सेंटर’ असतं, आणि कोपऱ्यात गुबगुबीत बाळाचं चित्र. ते शाखेत दिलंत की झाकली मूठ उघडली. डॉक्टरांकडे त्यांच्या स्वतःच्या नावाच्या साध्या लेटरहेडवर, नोंदणी क्रमांकासह, चार ओळी मागा : ‘माझ्या उपचाराखाली आहेत, अमुक तारखेला भूल देऊन शस्त्रक्रिया झाली, अमुक तारखेपर्यंत विश्रांती, अमुक तारखेपासून कामास योग्य.’ डॉक्टर देतात. या विनंतीची त्यांना सवय असते. पिकअपच्या दिवशी गडबडीत राहून जातं, म्हणून आधीच्या सोनोग्राफीलाच सांगून ठेवा. डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स मात्र कुणी मागितली तरी देऊ नका. त्यात किती बीजं निघाली तेही लिहिलेलं असतं.

आणि हो, मिस्टरांची रजा विसरू नका. पिकअपच्या सकाळी बहुधा त्यांचाही नमुना लागतो, आणि तुम्हाला घरी आणायला तेच लागणार. त्यांनी आपल्या कामावर ‘पत्नीची छोटी शस्त्रक्रिया, तारीख दोन दिवस आधी कळेल’ एवढंच सांगावं. त्यांची रात्रपाळी असेल तर ती आधीच बदलून घ्या. रात्री दहाच्या ट्रिगरला सुई धरायला माणूस घरात हवा.